रिपोर्ट नॉर्मल, धमनी नाही

तुर्भ्याच्या एमआयडीसीत थायरोकेअरची मध्यवर्ती प्रयोगशाळा आहे. देशभरात गोळा केलेल्या रक्ताच्या नळ्या इथे येतात, यंत्रांवर चढतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे आकडे लोकांच्या मोबाईलवर पोहोचतात. नवी मुंबईतल्या बहुतेक कंपन्यांच्या वार्षिक तपासणीतही असाच एक रिपोर्ट हातात पडतो, तो कुठल्याही प्रयोगशाळेचा असो. त्यात प्रत्येक आकड्यासमोर एक मर्यादा छापलेली असते. एकूण कोलेस्टेरॉल २००च्या आत असावे, एलडीएल शंभरच्या आसपास असावे. आकडे त्या मर्यादेत असले की माणूस रिपोर्ट मिटतो आणि हृदयाचा विषयही त्याच्यासोबत मिटला असे मानतो.

गडबड इथेच होते. त्या सकाळी रक्तात किती कोलेस्टेरॉल वाहत होते, एवढेच तो रिपोर्ट सांगतो. धमनीच्या भिंतीत काय चालले आहे, हे त्यात कुठेच छापलेले नसते. भिंतीत मेदाचे थर साचून धमनी कठीण आणि अरुंद होते, त्याला अथेरोस्क्लेरोसिस किंवा धमनीकाठिण्य म्हणतात. ही घडामोड रक्ताच्या प्रवाहात नाही, भिंतीच्या आत होते.

अमेरिकेतल्या एका मोठ्या नोंदवहीवरून २००९ साली काढलेला हिशेब या बाबतीत नेहमी सांगितला जातो. हृदयधमन्यांच्या आजारासाठी रुग्णालयात दाखल झालेल्या १,३६,९०५ रुग्णांचे दाखल होतानाचे एलडीएल पाहिले, तर जवळपास निम्म्यांचे ते १०० मिलिग्रॅमच्या खाली होते. यावरून ‘कोलेस्टेरॉलचा हृदयविकाराशी संबंधच नाही’ असा निष्कर्ष काढणारे संदेश आजही फिरत असतात. तो निष्कर्ष चुकीचा आहे. त्या रुग्णांपैकी साधारण पाचवा हिस्सा आधीपासून कोलेस्टेरॉल कमी करणारी औषधे घेत होता. शिवाय हृदयविकाराचा झटका आल्यावर एलडीएल काही काळ आपोआप उतरते. तरीही एक प्रश्न उरतोच. औषध न घेणाऱ्या आणि ‘नॉर्मल’ एलडीएल असणाऱ्या माणसाच्या धमनीत थर कसा बसतो?

नॉर्मल म्हणजे नेमके काय?

उत्तराचा पहिला भाग ‘नॉर्मल’ या शिक्क्यातच आहे. स्पेनमध्ये माद्रिदला एका बँकेच्या ४० ते ५४ वयाच्या कर्मचाऱ्यांवर पेसा नावाचा अभ्यास चालू आहे. हे सगळे दिवसभर खुर्चीवर बसून काम करणारे लोक, बेलापूरच्या कार्यालयांत दिसतात तसे. त्यांतल्या १,७७९ जणांना रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, वाढलेले कोलेस्टेरॉल असा कोणताही जोखमीचा घटक नव्हता. मानेच्या, पोटाच्या आणि मांडीच्या धमन्यांची सोनोग्राफी व हृदयधमन्यांचे सीटी स्कॅन केल्यावर त्यांच्यातल्या ४९.७ टक्के लोकांमध्ये कुठे ना कुठे थर आढळला. वय आणि लिंग वगळता या थरांशी सर्वाधिक जुळणारी गोष्ट होती एलडीएल. ते ‘नॉर्मल’ असले, तरी त्या नॉर्मलच्या आत जितके जास्त, तितकी थर सापडण्याची शक्यता जास्त.

म्हणजे रिपोर्टावरची मर्यादा ही निसर्गाने आखलेली सुरक्षिततेची रेघ नाही. ती लोकसंख्येतल्या जोखमीवरून आणि उपचारांच्या सोयीवरून माणसांनी ठरवलेली आहे. एलडीएल शंभर असलेल्या माणसाच्या धमनीच्या भिंतीवर वर्षानुवर्षे, दिवसाचे चोवीस तास, या कणांचा मारा होतच असतो. चाळीस वर्षांत त्यातले काही भिंतीत अडकतात. पण एलडीएल सारखेच असलेल्या दोन माणसांत एकाची धमनी पन्नाशीतही स्वच्छ राहते आणि दुसऱ्याला पंचेचाळिसाव्या वर्षी झटका येतो. हा फरक समजून घ्यायला भिंतीच्या आत जावे लागते.

भिंतीतली लढाई

बरीच वर्षे धमनीकडे नळासारखे पाहिले गेले. चरबीचा गाळ साचतो, नळ अरुंद होतो आणि एक दिवस तुंबतो, असे ते चित्र होते. पण धमनीची भिंत जिवंत आहे. तिच्या आतल्या बाजूला पेशींचा जेमतेम एक पदर असतो, एंडोथेलियम. रक्त सरळ आणि वेगात वाहते तिथे हा पदर निरोगी राहतो. जिथे धमनीला फाटा फुटतो किंवा वळण येते, तिथे प्रवाह मंदावतो, उलटसुलट फिरतो आणि पदर कच्चा पडतो. म्हणून थर सगळीकडे सारखे बसत नाहीत, फाट्यांपाशी आधी बसतात. तंबाखू, वाढलेली साखर, वाढलेला रक्तदाब यांनी हा पदर आणखी सैल होतो.

एलडीएलचे कण या पदरातून आत शिरतात. बरेचसे परत बाहेर पडतात, काही भिंतीतल्या तंतुमय जाळीला चिकटून बसतात. अडकलेल्या कणांचे ऑक्सिडीकरण होते, त्यांचे रूप बदलते आणि शरीर त्यांना परके समजू लागते. दाहाची सुरुवात इथून होते. पदराच्या पेशी आपल्या पृष्ठभागावर चिकट रेणू उभे करतात. रक्तातून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी त्यांना अडकतात, भिंतीत उतरतात आणि मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी बनतात. त्या बदललेले एलडीएल गिळत सुटतात. पोट भरले म्हणून थांबायची सोय त्यांना नसते. चरबीने गच्च भरलेल्या या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली फेसाळ दिसतात.

पुढे यांतल्या बऱ्याच पेशी तिथेच मरतात. त्यांच्यातले कोलेस्टेरॉल बाहेर पडून त्याचे टोकदार स्फटिक होतात. हे स्फटिक पाहून शेजारच्या भक्षक पेशी धोक्याची यंत्रणा चालू करतात आणि इंटरल्युकिन-१ बीटा हा संदेशरेणू सोडतात. त्यामुळे इंटरल्युकिन-६ वाढते, ते रक्तातून यकृतापर्यंत जाते आणि यकृत सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन म्हणजे सीआरपी तयार करते. धमनीतल्या या दाहाची जी थोडीफार चाहूल नळीभर रक्तात लागते, ती या सीआरपीतून.

मऊ, मेद भरलेल्या गाभ्यावर शरीर तंतूंचे एक टोपण चढवते. टोपण जाड असेल तर थर वर्षानुवर्षे निमूट पडून राहतो. दाह पेटलेला असेल तर भक्षक पेशी टोपणाचे तंतू विरघळवणारी विकरे सोडतात आणि ते पातळ होत जाते. शवविच्छेदनात फुटलेल्या थरांचे टोपण बहुधा ६५ मायक्रॉनपेक्षा पातळ आढळले आहे, म्हणजे साधारण केसाच्या जाडीइतके किंवा त्याहून कमी. ते फाटले की आतला माल रक्ताला लागतो, काही मिनिटांत गुठळी होते आणि धमनी बंद पडते.

एक नेहमीचे कोडे इथे उलगडते. परवाच ट्रेडमिल टेस्ट पास झालेल्या माणसाला आज झटका कसा येतो? ट्रेडमिलवर दोष दिसतो तो धमनी बरीच अरुंद झालेली असेल तेव्हा. फुटणारे कितीतरी थर मात्र निम्म्याहून कमी जागा अडवणारे असतात. रक्त व्यवस्थित वाहत असते, ईसीजी चांगला असतो, छातीत कधी दुखलेलेही नसते.

दाह कारण आहे की नुसती खूण?

धमनीकाठिण्य हा दाहाचा आजार आहे, असा स्पष्ट लेख अमेरिकेतले पॅथॉलॉजिस्ट रसेल रॉस यांनी १९९९ साली लिहिला. पण आग लागली तिथे धूर दिसतोच. दाह हा आजाराचा चालक आहे की केवळ सोबती, हे ठरवायला माणसांवरचा प्रयोग हवा होता.

पहिला मोठा प्रयोग म्हणजे बोस्टनच्या पॉल रिडकर यांची ज्युपिटर चाचणी. २००८ साली तिचे निष्कर्ष आले. तिच्यात घेतलेल्या १७,८०२ लोकांना हृदयविकार नव्हता, एलडीएल १३०च्या खाली होते, पण सीआरपी २ किंवा त्याहून जास्त होते. म्हणजे आपण ज्यांच्याविषयी बोलतो आहोत, तेच हे लोक. निम्म्यांना रोसुवास्टॅटिन दिले, निम्म्यांना औषधासारखी दिसणारी साधी गोळी. सरासरी दोन वर्षांच्या आतच चाचणी थांबवावी लागली, कारण झटका, पक्षाघात यांसारख्या घटना औषध न मिळालेल्या गटात २५१ आणि औषधाच्या गटात १४२ झाल्या होत्या. नॉर्मल रिपोर्टवाल्यांनाही उपचाराने फायदा होतो, हे यातून दिसले. पण एक शंका राहिली. स्टॅटिनने एलडीएल निम्मे झाले आणि सीआरपीही उतरले. फायदा नक्की कशाचा?

ही गाठ २०१७ च्या कॅन्टोस चाचणीने सोडवली. आधी झटका येऊन गेलेले आणि सीआरपी वाढलेले १०,०६१ रुग्ण तिच्यात होते. त्यांतल्या बऱ्याच जणांना कॅनाकिनुमॅब हे इंजेक्शन दर तीन महिन्यांनी दिले गेले. ते फक्त इंटरल्युकिन-१ बीटाला अडवते, कोलेस्टेरॉलला हात लावत नाही. एलडीएल होते तिथेच राहिले, सीआरपी उतरले आणि १५० मिलिग्रॅमच्या मात्रेवर पुन्हा झटका, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू येण्याचे प्रमाण १५ टक्क्यांनी घटले. कोलेस्टेरॉल न बदलता केवळ दाह कमी करून आजार कमी होतो, याचा हा पहिला भक्कम पुरावा.

त्याच चाचणीने मर्यादाही दाखवली. इंजेक्शन घेणाऱ्यांमध्ये जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू वाढले आणि एकूण मृत्यूंमध्ये फरक पडला नाही. दाह ही शरीराची संरक्षणव्यवस्था आहे, ती बंद केली की जंतूंना रान मोकळे मिळते. सगळीच दाहविरोधी औषधे चालतात असेही नाही. मेथोट्रेक्सेटचा २०१८ साली काहीच उपयोग झाला नाही. गाउटवरचे जुने कोल्चिसिन कमी मात्रेत स्थिर रुग्णांमध्ये २०२० च्या चाचणीत उपयोगी ठरले, पण ताज्या झटक्यानंतर दिलेल्या २०२४ च्या मोठ्या चाचणीत ठरले नाही. आणि सीआरपी स्वतः गुन्हेगार नाही. ज्यांच्या अंगात जन्मतःच सीआरपी जास्त बनते, त्यांना त्यामुळे हृदयविकार जास्त होतो असे आनुवंशिकतेच्या अभ्यासांत दिसले नाही. ते फक्त खबर देते.

याज्ञिक आणि युडकिन

आता आपल्या घराजवळ येऊ. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली लॅन्सेटमध्ये स्वतःचेच फोटो छापले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. म्हणजे दोघेही कागदोपत्री सडपातळ. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. भारतीय माणूस वजनाच्या काट्यावर बारीक दिसत असला, तरी आतून, विशेषतः पोटात, चरबी बाळगून असतो, हे त्या एका चित्रातून जगाला कळले.

याचा दाहाशी संबंध असा, की पोटातली चरबी ही नुसती साठवण नसते. तिच्यातही भक्षक पेशी शिरतात आणि ती इंटरल्युकिन-६ सारखे रेणू रक्तात सोडत राहते. पुण्याच्या या चमूने परिसरातल्या चारशेहून अधिक मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास केला. त्यांतले काही खेड्यांतले, काही शहरी वस्त्यांतले आणि काही शहरी मध्यमवर्गातले होते. खेड्यांत चरबी सर्वांत कमी, शहरी मध्यमवर्गात सर्वांत जास्त, आणि रक्तातल्या दाहाच्या खुणाही चरबीसोबत वाढलेल्या आढळल्या. हे सगळे एकाच भागातले पुरुष होते. बदलले होते ते राहणीमान.

पनवेल-उरणच्या गावांतून आलेले असोत की सातारा-कोकणातून, एका पिढीत शेतावरून लोकल आणि एसी कार्यालयात आलेल्या नवी मुंबईकरांची वाट हीच आहे.

एक रिपोर्ट, ओळ ओळ

एक नमुना घेऊ. माणूस कल्पित आहे, आकडे मात्र कुठल्याही दवाखान्यात रोज दिसतात तसे. वय ४४, घर नेरुळला, नोकरी ऐरोलीच्या आयटी पार्कात. उंची १७० सेंटीमीटर, वजन ६९ किलो, म्हणजे बॉडी मास इंडेक्स २३.९. कंबर ९४ सेंटीमीटर. दिवसातून चार-पाच वेळा तंबाखू मळतो. वडिलांची ५२ व्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली आहे.

पहिली पायरी नेहमीच्या आकड्यांची. एकूण कोलेस्टेरॉल १७०, एचडीएल ३६, ट्रायग्लिसराइड १६०. बऱ्याच ठिकाणी एलडीएल प्रत्यक्ष मोजत नाहीत, हिशेबाने काढतात. एकूणातून एचडीएल वजा करायचे आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करायचा. १७० वजा ३६ वजा ३२, उत्तर १०२. शंभरला टेकलेले, म्हणून नजर पुढे जाते. पण एकूणातून फक्त एचडीएल वजा केले तर १३४ उरतात. याला नॉन-एचडीएल म्हणतात. भिंतीत अडकू शकणाऱ्या सगळ्याच कणांमधले कोलेस्टेरॉल यात धरलेले असते आणि इथे ते १३०च्या वर गेलेले आहे. ट्रायग्लिसराइड चढलेले आणि एचडीएल उतरलेले असते, तेव्हा एलडीएलचे कण बहुधा बारीक आणि संख्येने जास्त असतात. कोलेस्टेरॉलचे वजन तेवढेच, पण आत शिरणारे कण अधिक. कणांची संख्या थेट मोजायची असेल तर अपो-बी ही चाचणी आहे, कारण प्रत्येक कणावर अपो-बीचा एकच रेणू असतो.

दुसरी पायरी लिपोप्रोटीन-ए. हा एलडीएलसारखाच कण आनुवंशिक असतो, आहाराने फारसा हलत नाही आणि आपल्यासोबत दाह पेटवणारे ऑक्सिडाइज्ड मेद घेऊन फिरतो. नेहमीच्या तपासणीत तो नसतो. भारतीयांत सुमारे चौघांतल्या एकाचे प्रमाण ५० मिलिग्रॅमच्या वर असते. आपल्या माणसाचे ६८ निघते. वडिलांच्या आजाराचा एक धागा इथे सापडतो.

तिसरी पायरी हाय-सेन्सिटिव्हिटी सीआरपी. साधी सीआरपी चाचणी इथे उपयोगाची नाही, कारण ती मोठ्या संसर्गासाठी असते. या चाचणीत १ पेक्षा कमी म्हणजे जोखीम कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. याचा आकडा ३.६ येतो. लगेच घाबरायचे नाही आणि लगेच मानायचेही नाही. पावसाळ्यातला ताप, दाताचे गळू, पाय मुरगळणे यांनीही तो चढतो, आणि १० च्या वर गेला तर बहुधा कुठला तरी संसर्ग असतो. म्हणून तब्येत ठणठणीत असताना दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करायची. पुन्हा ३.२ येतो. दोनदा वर म्हणजे दखल घ्यायची. संधिवात किंवा सोरायसिससारखा दीर्घ दाहाचा आजार आहे का, हिरड्यांतून रक्त येते का, हे विचारायचे. याच्या हिरड्या तंबाखूने सुजलेल्या आहेत आणि पोटात चरबी आहे. दक्षिण आशियाई पुरुषांसाठी कंबरेची मर्यादा ९० सेंटीमीटर धरतात, हा चार सेंटीमीटर पुढे आहे.

चौथी पायरी भिंत प्रत्यक्ष पाहण्याची. सीटी स्कॅनने हृदयधमन्यांतला कॅल्शियम मोजतात. याचा स्कोअर ३८ येतो. साठीत हा आकडा किरकोळ वाटला असता, चव्वेचाळिसाव्या वर्षी मात्र तो शून्य असायला हवा होता. कॅल्शियम आहे म्हणजे थर आहे. उलटे मात्र खरे नाही. कोवळ्या, मऊ थरांत कॅल्शियम नसतो, त्यामुळे तरुण माणसाचा शून्य स्कोअर पूर्ण अभय देत नाही.

आता डॉक्टरांचा निर्णय बदलतो. एकट्या एलडीएलवर पाहिले तर ‘तेलकट कमी खा’ एवढेच सांगून पाठवले असते. सगळे मिळून पाहिल्यावर तंबाखू पूर्ण बंद, हिरड्यांवर उपचार, कंबर कमी करणे आणि स्टॅटिन ठरते. मध्यम मात्रेच्या रोसुवास्टॅटिनने एलडीएल साधारण ४५ टक्के उतरते, म्हणजे १०२ चे ५५ च्या आसपास येईल. लिपोप्रोटीन-ए त्याने उतरणार नाही, म्हणूनच बाकीच्या गोष्टी जास्त कडक धराव्या लागतात. तीन महिन्यांनी एलडीएल आणि सीआरपी दोन्ही पुन्हा पाहायचे. दोन्ही उतरले तर उपचार लागू पडला. एलडीएल उतरले आणि सीआरपी तसेच राहिले, तर दाहाचा दुसरा स्रोत शोधायचा.

यातून दोन टोकांची मते बाद होतात. कोलेस्टेरॉल निर्दोष आहे हे मत चुकीचे, कारण भिंतीत कण शिरल्याशिवाय ही लढाई सुरूच होत नाही. कोलेस्टेरॉल नॉर्मल म्हणजे धोका नाही हे मतही चुकीचे, कारण थोड्या कणांवरही भिंत किती भडकते, यावर पुढचे सारे ठरते. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शनात नॉन-एचडीएल पाहायला आणि आयुष्यात एकदा लिपोप्रोटीन-ए करून घ्यायला सांगितले आहे. घरात कुणाला पन्नाशीच्या आसपास किंवा त्याआधी झटका आला असेल, कंबर सुटलेली असेल किंवा तंबाखू चालू असेल, तर पुढच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांकडे या दोन आकड्यांसोबत हाय-सेन्सिटिव्हिटी सीआरपीचीही विचारणा करा. आणि तंबाखू सोडायला कुठल्याही रिपोर्टची वाट पाहू नका.